पाच शर्ट आणि एक रविवार

रविवारी संध्याकाळी साडेसहाला इस्त्रीवाल्याचा मुलगा गठ्ठा देऊन जातो. पाच शर्ट. ते कपाटात लावताना पोटात बारीकसा गोळा येतो. मेगाब्लॉक संपलेला असतो, मुलुंड स्टेशनाकडून गाड्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा यायला लागतो. आत डब्यासाठी गवार निवडणं चाललेलं असतं. ऑफिसच्या ग्रुपवर 'उद्या साडेनऊला सगळे हवेत' असा निरोप पडतो. उत्तर कोणी देत नाही, पण वाचलेला सगळ्यांनी असतो.

अकराला दिवा मालवतो. मग साडेअकरा, बारा, पाऊण. "परत मोबाइल बघितलास?" बायको पाठ न वळवता विचारते. खरं तर मी घड्याळ बघत असतो. गजर पावणेसहाचा, म्हणजे आत्ता डोळा लागला तरी पाचच तास. हा हिशेब दर पंधरा मिनिटांनी नव्याने मांडायचा असतो.

बरीच वर्षं मी सगळा दोष सोमवारला दिला. मग २६ जानेवारी सोमवारी आली. आदल्या रात्री पोटात गोळा नव्हता, ग्रुप गप्प होता, आणि तरीही मी पाऊण वाजेपर्यंत टक्क जागा. सोमवारचं ऑफिस नसतानाही झोप येत नाही म्हटल्यावर मला पहिल्यांदा रविवारचा संशय आला.

एरवी मी पावणेसहाला उठतो. रात्री अकरापर्यंत सव्वासतरा तास जागा असतो. जागेपणी मेंदूत अॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्याचाच भार झोपेच्या रूपाने डोळ्यांवर येतो. रविवारी मी उठतो नऊला. मटण-भात झाल्यावर अडीचला आडवा होतो तो पाचला उठतो. त्या अडीच तासांत साठा बराचसा उपसला जातो. म्हणजे अकराला दिवा मालवताना मी जेमतेम सहा तास जागा असतो. कामाच्या दिवशी पावणेबाराला ऑफिसात झोप, म्हटलं तर येईल का?

शिवाय शुक्रवारी आणि शनिवारी रात्री दीड वाजतो. शरीराचं घड्याळ त्यामुळे मागे सरकतं. जर्मन संशोधक टिल रोनेबर्ग याला सोशल जेटलॅग म्हणतात. नैरोबीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. मी दर शुक्रवारी साधारण तिकडे जातो आणि रविवारी रात्री विमान न पकडताच मुलुंडला उतरतो.

अशा वेळी धास्तीला आयती मोकळी जागा मिळते. अंधार, जागं डोकं आणि करण्यासारखं काही नाही. तिने झोप उडवलेली नसते, दुपारीच उडालेल्या झोपेच्या जागी ती येऊन बसते.

   

पण सगळं दुपारच्या झोपेवर ढकलणंही खरं नाही. केकलुंड आणि ऑकरस्टेड या स्वीडिश संशोधकांना २००४ साली आढळलं, की दुसऱ्या दिवसाच्या कामाची धास्ती जितकी जास्त, तितकी रात्रीची गाढ झोप कमी. म्हणजे डोळा लागला, तरी आतून चोरी चालूच राहते. सकाळी तास पुरेसे दिसतात आणि अंग मात्र जड असतं.

माझं कुठलं दुखणं आहे हे ओळखायला मी एक साधी खूण धरली. रविवारी जागा आणि सोमवारी रात्री पडल्या पडल्या ढाराढूर, तर दोष दुपारचा. दुपारी न झोपता, सकाळी वेळेवर उठूनही जागाच, तर दोष मनातल्या कामाचा. आणि आठवड्यात तीन-तीन रात्री, तीन महिने हेच चाललं असेल, तर रविवारला सोडून डॉक्टर गाठावा.

दुपारची झोप मी आता अर्ध्या तासावर आणली आहे. मटणानंतर हे जमवणं सोपं नाही. सकाळी सातला उठतो. पहिले दोन रविवार नुसती चिडचिड झाली, तिसऱ्या रविवारी अकराला खरोखर जांभई आली. उरलेल्या धास्तीसाठी झोपण्याआधी पाच मिनिटं कागदावर उद्याची कामं लिहितो. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या एका छोट्या प्रयोगात असं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा, सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली होती. नऊच. पण पाऊण वाजता नऊ मिनिटांची किंमत कळते.

यादीत गॅसचं बुकिंग असतं, मुलाची फी असते, दोन मेल असतात. ही कामं रात्रीत विसरायला होतात. तिसऱ्या ओळीवर 'साहेबांशी बोलणे' असं लिहिलेलं आहे. गेले चार रविवार ती ओळ मी नव्या कागदावर उतरवतो आहे, आणि बाराच्या सुमारास अजूनही तीच मला उठवते.