पाक सांडला तर काच गार होऊ देऊ नका

मांजरी बुद्रुकमध्ये वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. तिथून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या एका वाचक ताईंनी सिरॅमिक काचेच्या शेगडीचा फोटो पाठवला आहे. चिक्कीचा पाक उतू गेला, त्यांनी शेगडी बंद केली आणि ‘गार झाल्यावर पुसू’ म्हणून सोडून दिलं. सकाळी पाकाचा थर खरवडला, तर त्याच्याबरोबर काचेचे कपचेही निघाले.

या काचेवर दूध, डाळ सांडली तर ती खरंच गार होऊ द्यावी. मग दहा-पंधरा मिनिटं ओलं फडकं ठेवावं आणि खाण्याच्या सोड्याच्या पेस्टने अलगद पुसावं. साखर-गुळाचं मात्र उलटं असतं. ही काच तापल्यावर जवळजवळ फुगत नाही आणि निवताना आकसतही नाही. म्हणूनच खरी सिरॅमिक काच गार पाण्याच्या शिंतोड्याने तडकत नाही. पण वितळलेला पाक काचेला घट्ट धरतो आणि निवताना आकसतो. काच जागची हलत नाही, पाक ओढत राहतो आणि वरचा पापुद्रा उचकटून निघतो.

म्हणून पाक सांडला की लगेच बटण बंद करा, भांडं उचला, हातमोजा घाला. लांब दांड्याच्या ब्लेडच्या खरवडणीने, ब्लेड आडवं धरून, पाक गरम भागावरून काचेच्या गार कडेकडे ओढा. आधीच वाळला असेल तर शेगडी मंद लावून तो मऊ होऊ द्या, मग बंद करून काढा. डाग गेला की नख फिरवा: नख अडकलं तर तो खड्डा आहे, कशानेही जाणार नाही.

ताईंची दुसरी तक्रार: कॉइल सारखी लाल होते आणि विझते, म्हणजे बिघडली का? नाही. मंद आचेवर यातल्या बहुतेक शेगड्या कॉइल पूर्ण जोराने पेटवतात आणि मधेमधे बंद ठेवतात. २००० वॅटची शेगडी निम्मा वेळ पेटली, तर सरासरी १००० वॅट मिळतात. पूर्ण आचेवरही ती विझत असेल, तर काच फार तापू नये म्हणून बसवलेला संरक्षक स्विच काम करतोय. मग भांड्याचा तळ पाहा. गार भांडं उपडं करून तळावर स्टीलची पट्टी आडवी ठेवा. खालून उजेड दिसला तर तळ वाकलेला आहे. मधल्या हवेमुळे उष्णता भांड्यात जात नाही, काच तापते आणि स्विच पडतो. गोल बुडाच्या कढईत तळण रेंगाळतं ते यामुळेच. शेगडी बदलू नका, सपाट बुडाची कढई घ्या.

काचेला तडा जातो तो बहुतेकदा आघाताने. वरच्या फळीवरून बत्ता पडला तर पुरे. स्वस्त शेगडीत कधी साधी कडक केलेली काच असते, तिच्यावर गार पाण्याचाही भरवसा धरू नये. केसाएवढी चीर दिसली तरी भिंतीवरचं बटण बंद करा आणि शेगडी वापरू नका. आतली कॉइल विजेची आहे आणि सांडलेलं दूध त्या चिरेतून थेट तिच्यापर्यंत पोचतं.