अंगठ्यात इच्छाशक्ती शोधणाऱ्यांना

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपलीच पोरं हात पसरून ज्योतिषापुढे बसतात, तेव्हा तो बऱ्याचदा रेषांच्या आधी अंगठा धरतो. नखाचं पेर म्हणजे इच्छाशक्ती, मधलं पेर म्हणजे तर्क. अंगठा ताठ असला तर माणूस निग्रही, मागे वाकला तर पडतं घेणारा आणि उधळ्या. तळव्यापासून लांब फाकला तर स्वतंत्र बाण्याचा, चिकटून राहिला तर भित्रा. याला तो 'प्राचीन विद्या' म्हणतो. प्रत्यक्षात यातलं बरंचसं एकोणिसाव्या शतकातल्या द'आर्पान्तिन्यी या फ्रेंच माणसाचं आणि त्याच्यानंतरच्या कीरोचं आहे.

आम्ही ही कसोटी एका कष्टकरी हातावर लावून पाहतो. वीस वर्षांची ऊसतोड करणारी बाई घ्या. तिचा अंगठा सहज मागे वाकतो, कारण तरुणपणी सांध्यांचे बंध सैल असतात आणि बायकांचे पुरुषांपेक्षा जास्त. शास्त्री सांगणार, हिला निग्रह नाही. पुढे पस्तीस वर्षं कोयता आवळून धरल्यावर तोच अंगठा आखडतो. मनगटाजवळचा त्याचा सांधा झिजतो, बुडाशी टेंगूळ येतं, बाटलीचं झाकण फिरवताना कळ निघते आणि अंगठा पूर्वीइतका फाकत नाही. आता पोथी काय म्हणेल? ताठ आहे म्हणून बाई निग्रही, फाकत नाही म्हणून भित्री. एकाच झिजलेल्या सांध्यावरून दोन उलटे निकाल! तिच्या स्वभावाचा इथे संबंधच आला नाही. दुखतंय का, एवढं विचारलं असतं तरी खरं कळलं असतं.

टोकाला रुंद आणि आखूड अंगठ्याला तर हे लोक 'खुन्याचा अंगठा' म्हणतात. हे टोकाचं हाड जन्मतःच आखूड असण्याचं लक्षण आहे, घराण्यात चालत येणारं, आणि कित्येकदा एकाच हाताला असतं. मग माणूस अर्धा खुनी म्हणायचा का?

कीरोच्या पुस्तकात जाडजूड तळवा आणि आखूड अंगठ्याचा हात सर्वांत खालच्या बुद्धीचा ठरवला आहे. असे हात मातीत, दगडात राबणाऱ्यांचे होतात. कामाने हात घडवायचा, मग त्या हातावरून माणसाची पायरी ठरवायची. हा डाव आम्हाला नवा नाही. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात अंगलक्षणं पाहून पोट भरणं भिक्खूने टाळावं अशा हीन विद्यांत मोजलं आहे, आणि आपल्याच विहारासमोर हस्तरेषांचा फलक लागतो!

एकलव्याचं तरी आठवा. अंगठा कापून दिल्यावर तो उरलेल्या बोटांनी बाण सोडतच राहिला, असं महाभारतच सांगतं. वेग कमी झाला, तेवढंच.