काळी म्हणजे कडक नव्हे

फिल्टर कॉफीच्या दुनियेत ‘स्ट्राँग’ हा सगळ्यात लबाड शब्द आहे. ‘स्ट्राँग पावडर द्या’ म्हटलं की पुष्कळदा हातात जास्त चिकोरीचं मिश्रण पडतं. घरी डिकॉक्शन काळंकुट्ट आणि दाट उतरतं, आणि आपण खूश. परीक्षेच्या आदल्या रात्री तेच पिऊन जागायला बसलेल्याला मात्र झोप का येतेय ते कळत नाही.

कारण साधं आहे. चिकोरी हे भाजून दळलेलं मूळ आहे आणि तिच्यात कॅफीन अजिबात नसतं. तिच्यात इन्युलिन असतं, ते भाजताना करपट-गोड होतं. कॅरॅमलसारखी चव आणि गडद रंग येतो तो तिथून. शिवाय भाजलेल्या चिकोरीचा निम्म्याहून जास्त भाग पाण्यात उतरतो, कॉफीचा एक तृतीयांशही उतरत नाही. त्यामुळे चिकोरी घातली की रंग, दाटपणा, कडवटपणा सगळं वाढतं आणि तरतरी तेवढी घटते. डोळ्यांना आणि जिभेला कडक वाटणारा पेला डोक्यासाठी मिळमिळीत असू शकतो.

हिशोब करून बघा. दोन पेल्यांसाठी फिल्टरच्या वरच्या भांड्यात २० ग्रॅम पावडर घाला, दांड्याची जाळी तिच्यावर हलकेच टेकवा आणि उकळी शमलेलं १०० मिली पाणी ओता. चोथा बरंच पाणी पिऊन टाकतो. पंधरा-वीस मिनिटांत खाली ६० मिलीच्या आसपास डिकॉक्शन जमतं. पावडर ८०:२० असेल तर त्यात १६ ग्रॅम कॉफी आहे. बाजारात सर्रास मिळणारी ५३:४७ असेल तर साडेदहा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्याच बियांच्या मिश्रणात कॅफीन एक तृतीयांशाने कमी, आणि रंग उलट जास्त काळा! खरोखर कडक हवी असेल तर चिकोरीऐवजी रोबस्टाबद्दल विचारा. रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं, त्यामुळे रोबस्टाची ५३:४७ पावडर शुद्ध अरेबिकाच्या जवळ पोचू शकते. पण पाकिटावरचा ‘स्ट्राँग’ यातलं काहीच सांगत नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे. चिकोरी म्हणजे भेसळ, असं नाक मुरडून सांगणारे हल्ली वाढलेत. कायद्याने मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं. छापून विकलेली गोष्ट भेसळ कशी? आणि तुमची ती हलकी भाजलेली शुद्ध अरेबिका उकळत्या दुधात आणि दोन चमचे साखरेत टाकून बघा, सापडायची नाही. तमिळनाडू-कर्नाटकातली डबरा-टंबलरची कॉफी दुधाची आहे. दुधातून वर डोकं काढायला जो थोडा कडवट दाटपणा लागतो, तो चिकोरी देते.

ती फिल्टरमध्येही काम करते. चिकोरी पाणी धरून ठेवते, म्हणून थेंब सावकाश पडतात आणि कॉफीला उतरायला वेळ मिळतो. त्याच दळणाची शुद्ध कॉफी भराभर गळून पातळ डिकॉक्शन देते. तिला जरा बारीक दळण लागतं. उलट चाळीस टक्क्यांपुढची पावडर जाळीने दाबून बसवली की फिल्टर तुंबतो. अर्ध्या तासानंतरही वर पाणी तसंच दिसलं, तर दाबणं थांबवा. वरचं भांडं ठोकत बसू नका, जाळी अलगद उचलून परत ठेवा.

माझं मत विचाराल तर १५ ते २० टक्के. तिशीपर्यंत कॉफीचा वास टिकतो. त्यापुढे गोडसर-करपट चव पुढे येते, आणि ४७ला तर आपण चिकोरीत कॉफीचा स्वाद घेत असतो. कुणाला तीच आवडते, खुशाल प्यावी. फक्त ती कॉफीच्या भावात घेऊ नये, कारण चिकोरी स्वस्त असते.

माटुंग्यासारख्या ठिकाणी समोर दळून देणारी दुकानं आहेत. तिथे ‘स्ट्राँग’ म्हणू नका, आकडा सांगा: ‘ऐंशी-वीस, निम्मी रोबस्टा.’ सुट्या पावडरीबद्दल शंका आली तर ग्लासभर गार पाण्यावर चिमूटभर भुरभुरवा. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी लगेच तपकिरी रेघा सोडत खाली जाते. रेघा बघून नेमकी टक्केवारी कळत नाही, पण ‘शुद्ध’ म्हणून विकलेल्या पावडरीतून रेघा सुटल्या तर ग्लास तसाच दुकानात घेऊन जा.

हॉटेलात हे काहीच करता येत नाही. तिथे मेन्यूवर डिग्री कॉफी, कुंभकोणम कॉफी, पितळी डबऱ्याचा फोटो असं सगळं असतं, टक्केवारी सोडून. पाकिटाला जो नियम, तो पेल्याला का नको? पुढच्या वेळी वेटरला विचारा, चिकोरी किती आहे. ‘स्ट्राँग आहे सर’ असं उत्तर आलं, तर परत विचारा.