पाळीपत्रक आणि पंचवार्षिक बेत

आपल्या वसतिगृहातून आयटीआय वा तंत्रनिकेतनाकडे गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी बरेच जण वीजक्षेत्राकडे वळतात. त्यात नवल नाही. चंद्रपूरजवळच ऊर्जानगरचे महाऔष्णिक केंद्र आहे आणि गडचिरोलीच्या जंगलात महावितरणच्या तारा गेल्या आहेत. नेमणूकपत्र हाती आले की घरात सर्वप्रथम पगाराचा आकडा वाचला जातो. माझे मत असे, की पगाराइतकेच पाळीपत्रक आणि नेमणुकीचे ठिकाणही वाचावे. पुढचे शिक्षण, लग्न, घर यांचा हिशेब त्यांवरच ठरतो.

औष्णिक केंद्रातील संच रात्री बंद होत नाही. आठ तासांच्या तीन पाळ्या धरल्या तर आठवड्याच्या एकवीस पाळ्या होतात, आणि त्या सांभाळण्यास माणसांचे चार गट लागतात. एक प्रचलित रचना उदाहरणादाखल घेऊ : दोन दिवस सकाळपाळी, दोन दिवस दुपारपाळी, दोन रात्रपाळ्या आणि मग दोन दिवस सुट्टी. चक्र आठ दिवसांचे, आठवडा सात दिवसांचा. म्हणून सुट्टी दर चक्राला एक वार पुढे सरकते. छप्पन्न दिवसांत आठ रविवार येतात. त्यांपैकी दोनच सुट्टीचे असतात. ‘रविवारच्या शिकवणीला बसून स्पर्धा परीक्षा देईन’ हा बेत इथेच कोलमडतो. शिवाय दुसरी रात्रपाळी संपते ती सुट्टीच्या पहिल्या सकाळी, आणि तो दिवस अर्धाअधिक झोपेत जातो.

परंतु या कष्टाच्या चक्रात एक मोठी सोय दडलेली आहे : ते आधी मोजता येते. येत्या १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जाता येईल की नाही, हे पाळीकामगार जानेवारीतच कागदावर मांडू शकतो. परीक्षेच्या तारखा कळताच कोणत्या दिवशी सहकाऱ्याशी पाळी बदलायची, हेही त्याला दिसते. अर्थात चारही गट पुरे असतील तरच. पदे रिकामी असली की बदली माणूस येत नाही आणि पाळी संपवून निघालेल्यालाच पुढची पाळी ओढावी लागते. म्हणून रुजू होताना तिथल्या जुन्या माणसाला दोन गोष्टी विचाराव्यात : प्रत्यक्षात किती गट चालतात, आणि महिन्यातून किती वेळा दुहेरी पाळी पडते? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. वरच्या चक्रात आठवड्याची सरासरी ४२ तास पडते. दुहेरी पाळ्या नित्याच्या झाल्या तर ती सरासरी कागदावरच राहते.

क्षेत्रीय नेमणुकीचे गणित वेगळे आहे. विद्युत सहायक म्हणून निवड झालेल्याची पहिली तीन वर्षे मानधनावर जातात. नियमित तंत्रज्ञपद त्यानंतरचे. घरासाठी मोठे कर्ज काढण्याचा विचार त्या आधी करू नये. नेमणूक एटापल्ली वा भामरागडकडे झाली, तर नावाला काम दिवसाचे असते. खरे घड्याळ मात्र ऋतूचे. वळवाच्या वादळात सागाची फांदी ११ केव्हीच्या तारेवर पडते आणि उपकेंद्रातील फीडर बंद होतो. मग जंगलातून तारेखाली चालत दोष शोधावा लागतो. मधला स्विच उघडून पुढचा भाग तोडायचा आणि मागचा चालू करून पाहायचा. मागचा टिकला तर दोष पुढे आहे. दोष सापडला तरी उपकेंद्राकडून लाइन बंद असल्याचा परवाना घेऊन, तार तपासून, दोन्ही बाजूंनी भूसंपर्क केल्याशिवाय खांबावर चढायचे नसते. कुणाच्या घरच्या जनित्रातून उलट आलेली वीजही जीव घेते. काही वेळा दोष फांदीचा नसतोच. रानडुकरासाठी कुणीतरी चोरून टाकलेल्या तारेचा असतो, आणि अंधारात त्या तारेवर लाइनमनचाच पाय पडू शकतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, तेव्हा रजा मंजूर असूनही उपयोग नसतो.

अशा नेमणुकीवरील मुलाने पदविकेचा वा पदवीचा बेत कसा आखावा? मार्चमध्ये थकबाकीची वसुली, एप्रिलपासून वादळे, जूनपासून पाऊस. हाती उरतात ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे चार महिने. उन्हाळी परीक्षा नेमकी वादळांच्या दिवसांत येते. जिथे हिवाळी सत्रात परीक्षा देता येते तो अभ्यासक्रम निवडावा आणि वर्षाला सगळे विषय न घेता काही कमी घ्यावेत. तीन वर्षांचे शिक्षण पाच वर्षांत झाले तरी चालेल. अर्धवट सुटलेल्या प्रवेशांची फी पाहिली, की ही दोन वर्षे महाग वाटत नाहीत.

लग्नाच्या बोलणीतही हेच व्हावे. मुलीकडच्यांना ‘वीजमंडळात आहे’ एवढेच सांगितले जाते. पाळीपत्रकाची एक प्रत बायोडाटाबरोबर द्यायला काय हरकत आहे? रात्रपाळीनंतर दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या घरी सकाळी कुणी उठायचे, मुलांना शाळेत कुणी सोडायचे, आणि नवरा आलापल्लीपलीकडे असताना नोकरी करणाऱ्या पत्नीने कुठे राहायचे, हे प्रश्न दोघांनी मिळून आधीच सोडवायचे आहेत. शाळेच्या मार्गदर्शन वर्गात वेतनश्रेणीचा तक्ता फळ्यावर लिहिला जातो. त्याच्या शेजारी आठ दिवसांचे हे चक्र आखून, मुलांकडूनच पुढच्या वर्षाचे रविवार मोजून घ्यावेत, अशी माझी सूचना आहे.