तंबाखूचा काढा निरुपद्रवी नव्हे

तंबाखूच्या पानांत साठणारे निकोटीन तयार होते ते मुळांत. टोमॅटोचा शेंडा तंबाखूच्या खुंटावर कलम केला, तर टोमॅटोच्या पानांतही निकोटीन उतरते; उलट कलमात तंबाखूची पाने जवळजवळ निकोटीनविरहित राहतात. अळीने पान कुरतडले, की जास्मोनेट संप्रेरकाद्वारे मुळांना इशारा मिळतो, तेथील निर्मिती वाढते आणि जलवाहिन्यांतून निकोटीन वर चढते. शेंडा खुडल्यावरही ते वाढते.

असे पान खाणाऱ्या कीटकाच्या मज्जातंतूंतील ॲसिटिलकोलीनच्या ग्राहकांना निकोटीन चिकटते. ॲसिटिलकोलीन क्षणात विघटित होते, निकोटीन तसे होत नाही. म्हणून आधी कंप सुटतो, मग लकवा येतो. बहुतेक कीटक अशा पानापासून दूर राहतात. स्पोडोप्टेराची अळी मात्र याच पिकावर पोसते.

तरीही तंबाखूचा काढा ‘सेंद्रिय, म्हणून सुरक्षित’ असे सांगून सुचवला जातो, हे मला मान्य नाही. हे विष मित्रकीटक ओळखत नाही. माणसाच्या मज्जासंस्थेतही तसेच ग्राहक आहेत आणि निकोटीन त्वचेतून शोषले जाते. ओली पाने हाताळणाऱ्या तंबाखू मजुरांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात, त्या यामुळेच. काढ्याची तीव्रता तर पानागणिक बदलते, तेव्हा मात्रा सांगायची कोणत्या आधारावर?