निजामत म्हणजे विशेषणांची खैरात नव्हे

मुशायऱ्यात शायरांना मंचावर बोलावणाऱ्याला नाजिम म्हणतात आणि त्याच्या कामाला निजामत. हल्ली निजामत शिकणारी आपली पोरं मोबाईलमध्ये एक यादी जमवतात: ‘शहंशाह-ए-गजल’, ‘आबरू-ए-सुखन’, ‘उर्दू की शान’. मग यादीतलं एकेक विशेषण एकेका शायराला वाटून टाकतात. हा अदब नाही, आळस आहे.

मुशायऱ्यात नवखे आधी वाचतात, ज्येष्ठ नंतर आणि सदर म्हणजे अध्यक्ष सगळ्यात शेवटी. पहिल्याच पोराला तुम्ही ‘उस्ताद’ म्हणालात, तर रात्री दोन वाजता सदरसाहेबांना काय म्हणणार? शिवाय हिशेब करा. बारा शायर आणि प्रत्येकाची ओळख तीन मिनिटं, म्हणजे छत्तीस मिनिटं नुसते तुम्हीच बोललात.

मग अलंकार नकोतच का? हवेत! साधी, कोरडी ओळख मुशायऱ्यात रुक्ष वाटते. पण अलंकार त्याच माणसाच्या मापाचा शिवलेला असावा. समजा, मानवतच्या कापूस बाजारात वजनं लिहिणारा एक तरुण शायर आहे. त्याच्यासाठी मी असं लिहीन:

‘सदर साहब की इजाजत से अब उस नौजवान को जहमत दे रहा हूं, जो दिन में मानवत की मंडी में कपास का वजन लिखते हैं और शाम को लफ्जों का. दोनों जगह डंडी नहीं मारते.’

यानंतर नाव, तेही अगदी शेवटी, म्हणजे टाळ्या नावावर पडतात. सगळं मिळून वीसेक सेकंद. आता यात दुसऱ्या कुणाचं नाव घालून बघा. बसत नाही ना? हीच कसोटी. ‘शहंशाह-ए-गजल’ मात्र कुणालाही बसतं, म्हणून ते कुणाचंच नसतं.

दोन चुका तर श्रोता लगेच पकडतो. पहिली, ‘मैं तशरीफ लाया हूं’. तशरीफ समोरचा आणतो, आपण फक्त हाजिर होतो. तसंच शायर ‘फरमाते हैं’, आपण ‘अर्ज करते हैं’. तहसीलीत अर्ज देणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाला हा फरक वेगळा शिकवायला नको. खालून वर जातो तो अर्ज!

दुसरी चूक जास्त वाईट. शायराचा सगळ्यात गाजलेला शेर नाजिम स्वतःच ओळखीत म्हणून टाकतो आणि दाद खिशात घालतो. मग शायर बिचारा उष्ट्या शेरावर उभा राहतो.

कुणी म्हणेल, लोकांना भारी शब्दच आवडतात. आवडतात, पण एकदा. मलिकजादा मंजूर अहमद किंवा अन्वर जलालपुरी यांची निजामत ऐका. दोघेही स्वतः शायर होते. त्यांची भाषा नटलेली आहे, पण शब्दांचं तोंड शायराकडे आहे. तुमच्या कागदावर ते कुणाकडे आहे, एवढं वाचून बघा आणि मगच माईक हातात घ्या.