पाहणी कोणत्या वेळी झाली?

फेरीवाल्यांवरच्या जाडजूड अहवालाचा दोन पानी सारांश संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी करायचा, तर कायद्याचा इतिहास मागे ठेवावा आणि पाहणीचे पान आधी घ्यावे. २०१४च्या कायद्यानुसार पाहणीत नाव आले, तरच विक्री प्रमाणपत्राची वाट सोपी. ही पाहणी ५ वर्षांतून एकदा तरी व्हायला हवी. चंद्रपूर-गडचिरोलीत खरी गोम इथेच आहे. उन्हाळ्यात टेंभरे-चारोळी, पावसाळ्यात वास्ते घेऊन आलेली बाई पोते अंथरून सकाळी दोन-तीन तास बसते आणि दुपारच्या बसने गाव गाठते. गणना डिसेंबरच्या संध्याकाळी झाली, तर कागदावर ती नाहीच! म्हणून एकूण आकड्याच्या आधी पाहणीचा महिना, वार, वेळ लिहा. ग्रामपंचायत हद्दीतला आठवडी बाजार या कायद्याच्या कक्षेत नाही, हेही सांगा. मग कामाचे दोन नियम: पाहणी होऊन प्रमाणपत्रे वाटली जाईपर्यंत कोणाला हटवता येत नाही; जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच सोडावा लागतो. शहर फेरीवाला समितीत संस्था-संघटनांना किमान १० टक्के जागा आहेत. पुढची पाहणी हंगामात, बाजाराच्या दिवशी सकाळी घ्या, ही मागणी तिथे लेखी नोंदवा.